पीएच.डी.च्या संशोधन आराखड्याचे एका पानात सार: प्रश्न, पद्धत आणि व्यवहार्यता

सामाजिक शास्त्रांत पीएच.डी.साठी नाव नोंदवणाऱ्याकडे बहुधा वीस-पंचवीस पानांचा आराखडा तयार असतो. मात्र संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत सदस्यांच्या हाती वेळ थोडा असतो आणि त्या वेळात त्यांना तीनच गोष्टी समजून घ्यायच्या असतात: तुम्ही नेमके काय विचारत आहात, त्याचे उत्तर कसे शोधणार आहात आणि हाताशी असलेल्या वेळात व साधनांत ते होण्यासारखे आहे का. या तीन गोष्टी एका पानावर मांडून दिल्या की चर्चा त्यांच्याभोवती राहते, नाहीतर ती शीर्षकातल्या शब्दांवर अडकते. काही विभाग असे पान मागतात, काही मागत नाहीत. मागितले नसले तरी ते करावे, असे माझे मत आहे. मी सोलापुरात या टप्प्यातून गेले आहे आणि त्यानंतर अनेक नव्या संशोधकांची पाने वाचून दिली आहेत. त्या वाचनात जे दोष पुन्हा पुन्हा दिसले, ते डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालते. विषय आपल्याकडचाच आहे: घरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया आणि सोलापूरबाहेर कुंभारीजवळ उभ्या राहिलेल्या वसाहती.

## १. लिहायला बसण्यापूर्वी हाताशी काय हवे

- विद्यापीठाची चालू नियमावली आणि विभागाने दिलेला आराखड्याचा नमुना
- वाचलेल्या संदर्भांपैकी तुमच्या प्रश्नाला थेट भिडणाऱ्या सहा-सात लेखनांची टिपणे
- क्षेत्राला दिलेल्या किमान एका भेटीची तारीखवार नोंद
- पुढच्या तीन वर्षांचे कॅलेंडर, ज्यात नोकरीचे तास, परीक्षांचे दिवस आणि सण भरलेले आहेत
- एक कोरी वही

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्कसह ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते. म्हणजे पहिल्या वर्षाचा मोठा भाग क्षेत्रकार्याला मिळत नाही, हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावे. कोऱ्या वहीचा उपयोग चौथ्या पायरीत येईल.

## २. विषयातून प्रश्न काढा

बहुतेक पानांच्या डोक्यावर अशा धाटणीचे शीर्षक असते: ‘सोलापूर जिल्ह्यातील विडी कामगार महिलांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास’. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. याला उत्तर देता येत नाही, फक्त प्रकरणे भरता येतात. ‘चिकित्सक’ हा शब्द काढून पाहिला तर काहीच कमी होत नाही, यावरूनच तो तेथे काय करत होता हे कळते.

प्रश्न काढण्यासाठी क्षेत्रात काय बदलत आहे ते पाहावे. विडी कामगार स्त्री विडी कंपनीच्या ब्रँचमधून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घेते, घरी विड्या वळते आणि तयार माल ब्रँचमध्ये जमा करते. सोलापूर शहराच्या पूर्व भागात भाड्याच्या खोलीत राहताना ब्रँच हाकेच्या अंतरावर असे. शहराबाहेरच्या वसाहतीत घर स्वतःचे झाले, पण हे अंतर बदलले. येथे एक प्रश्न उभा राहतो: घर मिळाल्यावर बाईच्या दिवसाचे काय झाले?

इतके म्हणून भागत नाही. प्रश्नात कोण, कोठे, कधीपासून आणि कशाच्या तुलनेत ही चार उत्तरे असायला हवीत. ‘कधीपासून’ ठरवताना आमच्या उदाहरणात एक महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागतो. कुंभारीजवळ अशा दोन वसाहती आहेत. पहिल्या, गोदूताई परुळेकर वसाहतीतील कुटुंबे तेथे राहायला येऊन बराच काळ लोटला आहे. दुसऱ्या, रे नगरातील पहिल्या १५,००० घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. ‘आधीच्या घरी तुमचा दिवस कसा जाई?’ हा प्रश्न पहिल्या वसाहतीत विचारला, तर इतक्या वर्षांनंतरच्या आठवणीवर विसंबावे लागते, आणि मधल्या काळात मुले मोठी झालेली असतात, सासू गेलेली असते, सून आलेली असते. दिवस घरामुळे बदलला की घरातल्या माणसांमुळे, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून येथे रे नगर निवडणे योग्य. हा निर्णय पानावर एका वाक्यात, कारणासह लिहावा. समितीला उमेदवाराने विचार केला आहे की नाही, हे अशाच वाक्यातून दिसते.

आता प्रश्न असा होतो: ‘२०२४ नंतर रे नगर येथे राहायला आलेल्या आणि विडीकाम चालू ठेवलेल्या स्त्रियांच्या दिवसाची विडीकाम, ब्रँचची ये-जा व घरकाम यांतील वाटणी शहरातील भाड्याच्या घराच्या तुलनेत कशी बदलली, आणि वळण्याचे काम कुटुंबात आता कोणाकोणाकडे गेले?’ वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द पुढे काम करतो.

## ३. प्रश्नातील प्रत्येक शब्दाला पद्धत जोडा

‘प्राथमिक व दुय्यम साधनांचा वापर करण्यात येईल’ हे वाक्य मी वाचलेल्या बहुतेक पानांवर होते. ते कोणत्याही विषयाला लागू पडते, म्हणून ते काहीच सांगत नाही. त्याऐवजी प्रश्न समोर ठेवावा आणि त्यातील एकेका शब्दाखाली रेघ ओढून, ही माहिती नेमकी कोणाकडून आणि कोणत्या रूपात मिळेल, ते लिहावे.

‘दिवसाची वाटणी’ हे शब्द घेऊ. ‘तुम्ही रोज किती तास विड्या वळता?’ असे विचारले तर उत्तर तासांत मिळत नाही, विड्यांत मिळते. हजार होतात, पाहुणे आले की सातशे-आठशे. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई मध्येच भात टाकायला उठते, पाणी आले की भांडी भरते आणि पुन्हा सुपाशी येते. तिच्या लेखी हे तास नसतात. म्हणून कालच्या दिवसाची फेरी घ्यावी लागते: उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झाले, क्रमाने. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा दिवस धरून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटीत नोंद घेतली गेली. हीच चौकट वापरता येते. आपल्या उदाहरणात एकाच अर्ध्या तासात दोन कामे चालतात, त्यामुळे प्रत्येक चौकटीत ‘सोबत चालू असलेले काम’ असा दुसरा रकाना लागतो. पानावर हे सांगायला एक ओळ पुरते.

‘काम कोणाकडे गेले’ याचे उत्तर अशा तक्त्यातून मिळत नाही. पाने भिजवणे, कातरणे, वळणे, दोरा बांधणे ही निरनिराळी कामे आहेत आणि त्यांतील काही मुली, सासू किंवा घरी असलेला नवरा करतो. मुलांचा हात लागत असेल तर ते कोणी पहिल्या भेटीत सांगत नाही. त्यासाठी सविस्तर मुलाखत हवी आणि तीही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर. थोडक्यात, एका प्रश्नाला दोन साधने लागतात: सर्वांसाठी दिनचर्येची नोंद, आणि त्यांतील काहींची सविस्तर मुलाखत.

नमुना निवडीबद्दल एक इशारा. ‘यादृच्छिक पद्धतीने १०० महिलांची निवड केली जाईल’ असे लिहिले की पहिला प्रश्न येतो: यादी कोठे आहे? यादृच्छिक निवड यादीतून होते. रे नगरात घर मिळालेल्यांत यंत्रमाग कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक असे अनेक आहेत. घर मिळालेली प्रत्येक स्त्री विडी कामगार नाही, आणि प्रत्येक विडी कामगार तेथे राहायला आलेली असेल असेही नाही. तेव्हा आधी काही इमारती ठरवून दारोदार जाऊन स्वतः यादी करावी, आणि त्या यादीतून निवड करावी. संघटनेमार्फत ओळख काढणे सोपे असते, पण मग सभेला येणाऱ्या, बोलक्या स्त्रियाच भेटतात. ब्रँचमार्फत गेलात तर उत्तरे जपून दिली जातात. तुम्ही कोणत्या दाराने आत जाणार, हा पद्धतीचाच भाग आहे आणि तो पानावर दिसला पाहिजे.

## ४. व्यवहार्यतेचा हिशेब कोऱ्या वहीत आधी मांडा

पानावर व्यवहार्यता शेवटी येते, पण लिहिण्याच्या क्रमात ती नमुन्याच्या आकड्याआधी यावी. आधी १०० हा आकडा लिहायचा आणि मग वेळापत्रक त्यात कोंबायचे, असे केले की वेळापत्रक खोटे ठरते.

समजा, तुम्ही महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवता आणि आठवड्यातून २ दिवस क्षेत्राला देऊ शकता. वसाहतीत राहायला आलेल्या २४ स्त्रिया आणि तुलनेसाठी अजून शहरात भाड्याने राहणाऱ्या १२ स्त्रिया, अशा ३६ स्त्रिया धरा. प्रत्येकीची दिनचर्या दोनदा नोंदवायची आहे, एकदा ब्रँचला जाण्याच्या दिवसाची आणि एकदा सुटीच्या दिवसाची, कारण हे दोन दिवस सर्वस्वी वेगळे असतात. म्हणजे ७२ भेटी झाल्या. एका दिवसात ३ भेटी होतील असे धरले तर २४ दिवस लागतात. पण घरी कोणी नसणे, पाहुणे असणे, ‘आज नको, उद्या या’ हे सगळे धरून त्यात निम्म्याने भर घालावी: ३६ दिवस. आठवड्याला २ दिवस याप्रमाणे १८ आठवडे.

आता सविस्तर मुलाखती. १२ मुलाखती, प्रत्येकी सुमारे १ तास. ध्वनिमुद्रित तासाभराच्या बोलण्याचे शब्दांकन करायला साधारण ६ तास लागतात, हे धरून चालावे. घरात मागे टीव्ही चालू असेल तर जास्त. पूर्व भागातील बऱ्याच विडी कामगार स्त्रिया घरी तेलुगू बोलतात, आणि त्यांनी तेलुगूत सांगितलेले मराठीत आणायला तासामागे आणखी ४ तास धरा. तासाला १० याप्रमाणे १२० तास झाले. आठवड्याला ८ तास दिले तर १५ आठवडे.

हाच हिशेब १०० स्त्रिया आणि ४० मुलाखतींना लावून पाहा. २०० भेटींना ५० आठवडे आणि शब्दांकनालाही ५० आठवडे. दोन्ही मिळून जवळजवळ दोन वर्षे, आणि त्यानंतर विश्लेषण व लेखन उरतेच. १०० ऐवजी ३६ का, असे समितीने विचारले तर हाच हिशेब पुढे ठेवावा. आकडा लहान असल्याबद्दल ओशाळण्याचे कारण नाही. आकड्याला कारण नसणे ही मात्र अडचण आहे.

हिशेबात तारखाही उतरवाव्यात. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा असते आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव. त्या आठवड्यांत भेटी ठरवू नयेत, आणि ठरवल्याच तर तो दिवस नेहमीचा नसतो, त्यामुळे दिनचर्येची नोंद निरुपयोगी होते. एप्रिल-मेमध्ये दुपारी वसाहतीत फिरणे जमत नाही, म्हणून त्या महिन्यांत दिवसाला ३ ऐवजी २ भेटीच धराव्यात.

भाषेबद्दल पानावर खरे लिहावे. बोलण्यापुरती तेलुगू येत असेल तर तसे लिहावे आणि शब्दांकनासाठी कोणाची मदत घेणार तेही लिहावे. मदतनीस त्याच वस्तीतला असला तर बायका मोकळ्या बोलणार नाहीत, हे लक्षात घेऊन तो दुसरीकडचा शोधावा. संमती कशी घेणार हेही येथेच येते: सही करण्याचा संकोच असेल तर ध्वनिमुद्रित तोंडी संमती, समजावून सांगणे मात्र तेलुगूत.

## ५. पान प्रत्यक्ष कसे दिसते

वरचे सारे विचार करताना लागतात. पानावर त्यातले थोडेच उतरते. आमच्या उदाहरणाचे पान असे होईल:

> शीर्षक: घरबदल आणि घरबसल्या काम: रे नगर येथे स्थलांतरित विडी कामगार स्त्रियांच्या दिनक्रमाचा अभ्यास
>
> प्रश्न: २०२४ नंतर रे नगर येथे राहायला आलेल्या आणि विडीकाम चालू ठेवलेल्या स्त्रियांच्या दिवसाची विडीकाम, ब्रँचची ये-जा व घरकाम यांतील वाटणी शहरातील भाड्याच्या घराच्या तुलनेत कशी बदलली? वळण्याचे काम कुटुंबात आता कोणाकडे गेले?
>
> प्रश्नाची गरज: घरकुल योजनांचे मूल्यमापन बहुधा घराची मालकी व सुविधा यांच्या आधारे होते. घर हेच कामाचे ठिकाण असलेल्या स्त्रियांच्या श्रमावर जागा बदलल्याचा काय परिणाम होतो, हे त्यातून कळत नाही.
>
> पद्धत: निवडलेल्या इमारतींत दारोदार यादी करून २४ स्त्रिया, तसेच पूर्व भागात भाड्याने राहणाऱ्या १२ स्त्रिया. प्रत्येकीच्या दोन दिवसांची अर्ध्या तासाच्या चौकटीत नोंद, सोबत चालणाऱ्या कामाच्या वेगळ्या रकान्यासह. १२ जणींच्या सविस्तर मुलाखती. स्थलांतर अलीकडचे असल्याने आधीच्या दिनक्रमाची आठवण तुलनेने ताजी आहे, म्हणून या वसाहतीची निवड.
>
> मर्यादा: भाड्याने राहणाऱ्या गटाची आर्थिक स्थिती वेगळी असू शकते. त्यामुळे तुलनेतून कारण सिद्ध होणार नाही, बदलाची दिशा दिसेल.
>
> व्यवहार्यता: नोंदी १८ आठवडे, मुलाखतींचे शब्दांकन व भाषांतर १५ आठवडे. पहिले वर्ष कोर्सवर्क, संदर्भवाचन व ४ स्त्रियांसह पूर्वचाचणी. दुसरे वर्ष क्षेत्रकार्य व शब्दांकन. तिसरे वर्ष विश्लेषण व लेखन. संशोधक तेलुगू बोलू शकते, शब्दांकनासाठी वस्तीबाहेरील मदतनीस. संमती तेलुगूत समजावून, लेखी किंवा ध्वनिमुद्रित.

‘मर्यादा’ ही ओळ अनेक जण टाळतात, कारण ती आपल्याच विरुद्ध जाईल असे वाटते. अनुभव उलटा आहे. सदस्याला ती उणीव तशीही दिसणार असते, आणि तुम्ही ती आधी सांगितली असेल तर चर्चा पुढे सरकते. मात्र ‘वेळेची व पैशाची मर्यादा’ असे लिहू नये. ती प्रत्येकालाच असते. मर्यादा तुमच्या पद्धतीतून निघालेली हवी.

## ६. आणखी दोन सापळे

गृहीतकाचा सापळा आमच्याकडे फार जुना आहे. विभागाने दिलेल्या नमुन्यात ‘गृहीतके’ असा मथळा असतो म्हणून उमेदवार ‘विडी कामगार महिलांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे’ असे काहीतरी लिहून टाकतात. जे आधीच ठाऊक आहे आणि ज्याच्या विरुद्ध काही सापडण्याची शक्यता नाही, ते गृहीतक नव्हे. मथळा भरणे सक्तीचे असेल तर खोटे ठरू शकेल असे एकच विधान लिहावे: ‘वसाहतीत आल्यावर ब्रँचच्या फेऱ्यांची संख्या कमी झाली आहे आणि एका फेरीला लागणारा वेळ वाढला आहे’. नोंदींनी हे चूक ठरू शकते, आणि चूक ठरले तरी प्रबंधाला काही मिळते.

दुसरा सापळा उद्दिष्टांचा. सहा उद्दिष्टे आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘अभ्यास करणे’. पानावर उद्दिष्टे वेगळी देऊच नयेत. प्रश्न नीट असेल तर त्यातली दोन अंगे हीच उद्दिष्टे असतात, आणि सविस्तर आराखड्यात ती विस्ताराने येतातच.

## ७. पान देण्यापूर्वी

ए-फोर पानावर चारही बाजूंना एक इंच समास सोडून, वाचता येईल अशा आकारात मराठीचे साधारण साडेतीनशे ते चारशे शब्द बसतात. कोकिळा फॉन्ट १२ च्या आकारात फार बारीक दिसतो. मजकूर बसत नाही म्हणून फॉन्ट लहान करण्याऐवजी ‘प्रश्नाची गरज’ या भागातील एक वाक्य कापावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले पान विभागाच्या संगणकावर उघडताच चिन्हांचा गोंधळ होतो, तेव्हा युनिकोडमध्येच टंकून पीडीएफ द्यावी.

मार्गदर्शकांना दाखवण्याआधी हे पान तुमच्या विषयाबाहेरच्या एका वाचकाला द्यावे आणि ते बाजूला ठेवून त्याला विचारावे: मी कोणाला भेटणार आहे, त्यांना काय विचारणार आहे आणि ते कधी संपणार आहे? तिन्हींपैकी जे उत्तर अडखळेल, तो भाग पुन्हा लिहावा.

समितीने काही बदल सुचवला, उदाहरणार्थ गोदूताई परुळेकर वसाहतीतील स्त्रियाही घ्या असे सांगितले, तर केवळ पद्धतीच्या ओळीत भर घालून थांबू नये. आठवणीबद्दलचे वाक्य तपासावे लागते, भेटींची संख्या वाढते, आठवडे वाढतात आणि कदाचित शहरातील १२ स्त्रियांचा गट सोडावा लागतो. वहीतला हिशेब पुन्हा करून, पानावर नवी तारीख घालून ते मार्गदर्शकांच्या सहीसाठी न्यावे आणि जुनी प्रत फाईलमध्ये तशीच ठेवावी. पुढच्या सहामाही सादरीकरणात काय बदलले आणि का, हे विचारले जाते.